यादीतल्या खुणा आणि रविवारचा आढावा

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. डेटा विश्लेषणाचे काम मिळावे म्हणून स्प्रेडशीट आणि एसक्यूएल शिकण्याचे वेळापत्रक केले आहे. रोज यादीत बरोबरच्या खुणा करते, पण सरावाचा नवा प्रश्न समोर आला की हात थांबतो. राहिलेली कामे पुढच्या आठवड्यात ढकलत गेल्याने यादी फुगत चालली आहे. वेळापत्रक बदलू की सोडून देऊ?

उत्तर : वेळापत्रकाला हात लावण्याआधी यादीतल्या नोंदी कशा लिहिल्या आहेत ते पाहा. ‘एसक्यूएल : दोन तास’ किंवा ‘जॉइनचे व्हिडिओ’ अशी नोंद असेल, तर तिच्यापुढची खूण तुम्ही किती वेळ बसलात एवढेच सांगते. नोंद अशी लिहावी की काम झाले की नाही याबद्दल वादच उरू नये; उदाहरणार्थ, ‘ग्राहक आणि विक्री हे दोन तक्ते जोडून पाच प्रश्नांची उत्तरे काढणे’. अशा प्रत्येक नोंदीपुढे दोन चौकोन आखा. पहिल्यात काम केल्याच्या दिवशी खूण करा, आणि दुसऱ्यात मात्र किमान दोन दिवस गेल्यावर, त्याच धर्तीचा वेगळा प्रश्न वही न उघडता सुटला तरच. दुसरा चौकोन बराच काळ रिकामा राहतो आणि ते खुपते. पण नवा प्रश्न आला की हात का थांबतो, हे तोच दाखवतो.

आढाव्यासाठी रविवारची अर्धा तासाची वेळ ठरवून ठेवा आणि त्या वेळात अभ्यास करू नका. समजा, आठवड्याच्या दहा नोंदींपैकी सातांना पहिली खूण मिळाली, पण दुसरी तिघांनाच. याचा अर्थ नवे विषय पचण्याच्या वेगापेक्षा लवकर येत आहेत, म्हणून पुढच्या आठवड्यात नवे काही कमी घेऊन उरलेल्या चार नोंदींना दुसरी खूण मिळवणे हेच मुख्य काम ठरते.

ज्या तीन नोंदींना एकही खूण नाही, त्यांच्यापुढे कारण लिहा. कारणे बहुधा तीनच निघतात : वेळ मिळाला नाही, समजले नाही, किंवा नेमके काय करायचे तेच ठरलेले नव्हते. महाविद्यालयाच्या चाचणीमुळे आलेख काढायचा राहून गेला असेल, तर ती नोंद आहे तशी पुढे न्यावी. ‘प्रकल्प सुरू करणे’ ही नोंद कितीही आठवडे पुढे नेली तरी होणार नाही; तिच्या जागी ‘प्रकल्पासाठी एक माहितीसंच निवडून त्यावर तीन प्रश्न लिहिणे’ असे लिहावे लागेल.

न समजलेल्या नोंदीकडे थोडे अधिक बारकाईने पाहावे लागते. ‘ज्यांनी मार्चमध्ये काहीच खरेदी केली नाही असे ग्राहकही यादीत दाखवा’ हा प्रश्न दोनदा चुकला असेल, तर ‘जॉइन पुन्हा वाचणे’ हा उपाय फार ढोबळ झाला. येथे अनेकदा `LEFT JOIN` बरोबर लिहिलेला असतो, परंतु विक्रीच्या तारखेची अट `WHERE` मध्ये घातल्यामुळे मार्चमध्ये खरेदी न केलेले ग्राहक गळून पडतात, कारण त्यांच्यासमोर तारखेच्या जागी `NULL` किंवा दुसऱ्याच महिन्याची तारीख असते. ती अट `ON` मध्ये नेली की ते ग्राहक यादीत परत येतात. म्हणून पुढच्या आठवड्याची नोंद एवढीच असावी : तीच अट दोन्ही जागी लिहून मिळणाऱ्या ओळी मोजणे. काम वीस मिनिटांचे आहे आणि अडलेले नेमके तिथेच सुटते.

राहिले ते सगळेच पुढे ढकलण्याची सवय मात्र सोडा. मागच्या तीन आठवड्यांत ७, ८ आणि ६ नोंदी पूर्ण झाल्या असतील, तर नव्या आठवड्यात जुन्या-नव्या मिळून सातच लिहा. उरलेल्या वेगळ्या पानावर ठेवा आणि त्यांतल्या काही कायमच्या खोडाव्या लागतील हे धरून चाला. आपल्याच कामाचा अंदाज बांधताना माणसे फार आशावादी असतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज दिला होता आणि प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. त्यामुळे ‘या आठवड्यात भरून काढेन’ या मनाच्या हिशेबापेक्षा मागच्या तीन आठवड्यांचे आकडे अधिक भरवशाचे आहेत.

एका वाईट आठवड्यावरून आराखडा मोडू नका. आजारपण किंवा घरचे कार्य असले की आकडा घसरणारच. परंतु एकाच कारणाची नोंद सलग तीन आढाव्यांत आली, तर बदल करायलाच हवा. ‘वेळ मिळाला नाही’ असे तीनदा आले, तर अर्ज करायला सुरुवात करण्याची तारीख आणि उरलेल्या नोंदी समोरासमोर मांडा. आठवड्याला सात या वेगाने त्या बसत नसतील, तर तारीख पुढे न्या किंवा प्रगत विषय वगळा. तुमच्या बाबतीत मी दुसरा पर्याय आधी तपासेन, कारण सुरुवातीच्या पदांसाठी तक्ते जोडणे, गटवार बेरजा आणि माहितीची साफसफाई न अडखळता येणे अधिक कामाचे असते.