‘गेल्या आठवड्यात’ आणि ‘गेल्या आठवड्यापासून’ यांत एक पंप गेला

प्रश्न: ‘यस्टरडे नाइट’ चूक आणि ‘लास्ट नाइट’ बरोबर, असं का? आणि ‘फ्रॉम लास्ट वीक’ म्हटलं तर पुढे क्रियापद कोणत्या काळात घ्यायचं?

‘लास्ट नाइट’ बरोबर. पण तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग किरकोळ आहे आणि दुसरा भाग खरा आहे. माझ्या आयुष्यात उलटं झालं. लोक पहिल्यावर हसले आणि दुसऱ्याकडे कुणी बघितलंच नाही, म्हणून हे सगळं लिहितोय.

साधारण 15 वर्षांपूर्वी मी रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होतो. शाळा मराठी माध्यमाची, डिप्लोमा कसाबसा इंग्रजीत. रात्रपाळी दहा ते सहा. पाळी संपताना लॉगबुकात इंग्रजीत नोंद करायची, आणि साडेआठच्या मीटिंगला ती साहेब वाचून दाखवायचे. मंगळवारी, 14 तारखेला पहाटे मी लिहिलं होतं: ‘पंप बी ट्रिप्ड यस्टरडे नाइट ॲट वन फॉर्टी. बेअरिंग इज मेकिंग नॉइज फ्रॉम लास्ट वीक.’

साहेबांनी पहिलंच वाक्य मोठ्याने वाचलं आणि थांबले. “काय हो, यस्टरडे नाइट हे कुठलं इंग्रजी?” खोलीत बारा-तेरा माणसं होती, सगळी हसली. त्यांनी लाल पेनाने ‘यस्टरडे’ खोडून वर ‘लास्ट’ लिहिलं. मग दुसऱ्या वाक्यावर नजर टाकून म्हणाले, “आणि लास्ट वीक असेल तर पास्ट टेन्स. हे तरी शिकवलं असेल ना शाळेत?” आणि टाइप झालेल्या रिपोर्टमध्ये वाक्य असं गेलं: ‘बेअरिंग मेड नॉइज लास्ट वीक.’

इंग्रजी शुद्ध झालं आणि बातमी खोटी झाली.

आधी ‘यस्टरडे नाइट’चं निकालात काढतो. इंग्रजीत कालची सकाळ ‘यस्टरडे मॉर्निंग’, दुपार ‘यस्टरडे आफ्टरनून’, संध्याकाळ ‘यस्टरडे ईव्हनिंग’. रात्र मात्र ‘लास्ट नाइट’. ‘लास्ट मॉर्निंग’ कुणी म्हणत नाही. ‘लास्ट ईव्हनिंग’ अधूनमधून कानावर येतं. आजच्या सकाळी, दुपारी, संध्याकाळी ‘धिस’ लागतो आणि आजच्या रात्रीला ‘टुनाइट’. म्हणजे रात्रीचं घर दोन्हीकडे वेगळं आहे. आपण ‘काल सकाळी’ आणि ‘काल रात्री’ एकाच साच्यात बोलतो, म्हणून तोच साचा इंग्रजीत ओततो. परवाच्या रात्रीला ‘द नाइट बिफोर लास्ट’ म्हणतात, हेही लक्षात ठेवा, कारण तिथे आपण हमखास अडखळतो.

ही चालीरीत आहे, तर्क नाही. ‘यस्टरडे’ म्हणजे तारखेने कालचा दिवस. ‘लास्ट नाइट’ म्हणजे नुकतीच सरलेली रात्र, मग ती तारखेच्या दोन बाजूंना पसरलेली का असेना. पंप 1 वाजून 40 मिनिटांनी ट्रिप झाला तेव्हा कॅलेंडरवर मंगळवार लागला होता, पण सकाळी बोलताना माझ्या तोंडी ‘काल रात्री’च येणार. आपल्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो असं मानायची जुनी सवय आहे, तिच्याशी ‘लास्ट नाइट’ नीट जुळतं. ‘यस्टरडे नाइट’ म्हटलं तर परका वाचक सोमवारची रात्र धरील की रविवारची, असा प्रश्न उरतो. साहेबांची ही दुरुस्ती योग्य होती, हे मी तेव्हाही मान्य केलं होतं.

आता बेअरिंग. आवाज आदल्या आठवड्यात बुधवारी सुरू झाला होता. शुक्रवारी मेंटेनन्सवाल्यांनी ग्रीस भरलं. एक पाळी शांत गेली आणि आवाज परत आला. शनिवार, रविवार, सोमवार मी तो कानाने ऐकत होतो. मला सांगायचं होतं की आवाज गेल्या आठवड्यापासून येतोय, म्हणजे ग्रीसने काम झालेलं नाही. मेंटेनन्सने टाइप केलेलं वाक्य वाचलं, ‘मेड नॉइज लास्ट वीक’, आणि त्याचा सरळ अर्थ लावला: गेल्या आठवड्यात आवाज झाला, शुक्रवारी ग्रीस भरलं, प्रश्न मिटला. त्यांची काही चूक नव्हती. त्या वाक्याचा दुसरा अर्थ होतच नाही. ट्रिप रिसेट करून पंप पुन्हा चालू केला. गुरुवारी दुपारी बेअरिंग जाम झालं, शाफ्टवर खोल चरे पडले आणि कपलिंग तुटलं. जोडीचा पंप ए ग्लँडच्या गळतीच्या दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेला होता, त्यामुळे प्लांट नऊ तास बंद राहिला.

चौकशीत टेबलावर टाइप केलेला रिपोर्ट होता आणि खाली माझं नाव. साहेब म्हणाले, “तुम्ही स्पष्ट लिहायला पाहिजे होतं.” लॉगबुक मागवा, असं मी दोनदा म्हटलं. कुणी मागवलं नाही.

माझं मूळ वाक्य व्याकरणाने चूकच होतं. पण त्यात ‘इज मेकिंग’ होतं, म्हणजे आवाज अजून येतोय एवढं तरी त्यातून कळत होतं. साहेबांनी काढून टाकलं ते नेमकं तेवढंच.

मराठीत विचार केला की यातली गोम लगेच दिसते. ‘गेल्या आठवड्यात आवाज झाला’ आणि ‘गेल्या आठवड्यापासून आवाज येतोय’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि फरक शेवटच्या ‘-त’ आणि ‘-पासून’मध्ये आहे. साहेबांनी माझा ‘पासून’ खोडून ‘त’ लिहिला, एवढंच. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी तेच वाक्य मनात मराठीत म्हणा आणि शेवटचा प्रत्यय बघा.

‘-त’ आला किंवा नुसतं ‘काल रात्री’ आलं, तर गोष्ट तिथे घडून संपली. इंग्रजीत साधा भूतकाळ: ‘द पंप ट्रिप्ड लास्ट नाइट’, ‘आय मेट हिम लास्ट वीक’. इथे ‘हॅव’ लावायचा नाही. ‘आय हॅव मेट हिम लास्ट वीक’ हे आपल्याकडच्या ऑफिसांत सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे, कारण वेळ ठरवून सांगितली की ‘हॅव’ला तिथे जागा नाही.

‘-पासून’ आला आणि गोष्ट अजून चालू असली, तर ‘सिन्स’ आणि त्याच्याबरोबर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’: ‘द बेअरिंग हॅज बीन मेकिंग नॉइज सिन्स लास्ट वीक.’ ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स लास्ट नाइट.’ बघा, ‘लास्ट नाइट’ हे शब्द तेच आहेत. त्यांच्या आधी ‘सिन्स’ बसला आणि काळ बदलला. म्हणून ‘लास्ट असेल तर पास्ट’ हा साहेबांचा नियम अर्धा आहे, आणि अर्धा नियम पूर्ण म्हणून शिकवला की असं होतं.

आपण ‘इज मेकिंग’ का लिहितो, तेही सांगतो. मराठीत ‘तीन दिवसांपासून पाऊस पडतोय’ म्हणताना क्रियापद वर्तमानकाळातच असतं आणि कुणाला ते खटकत नाही. आपला वर्तमानकाळ मागपर्यंत पोचतो. इंग्रजीचा ‘इज रेनिंग’ फक्त आत्तापुरता आहे, मागची सुरुवात त्याच्यात मावत नाही. तो दुवा ‘हॅज बीन’ जोडतो. ताप, ओळख, मालकी यांसारख्या स्थितींसाठी ‘बीन’ आणि ‘-इंग’ची गरज नसते: डॉक्टरांना ‘आय ॲम हॅविंग फीवर फ्रॉम लास्ट वीक’ सांगण्याऐवजी ‘आय हॅव हॅड फीवर सिन्स लास्ट वीक’ म्हणा.

आपला ‘पासून’ आणखी एका जागी फसवतो. ‘सोमवारपासून’ म्हणजे सुरुवातीचा क्षण, तिथे ‘सिन्स मंडे’. ‘तीन दिवसांपासून’ म्हणजे किती वेळ झाला ते माप, तिथे ‘फॉर थ्री डेज’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’च चालतो, त्यामुळे ‘सिन्स थ्री डेज’ तयार होतं. ‘गेले तीन दिवस’ असं म्हणून बघता आलं तर ‘फॉर’ घ्या.

आणि आवाज गेल्या आठवड्यापासून येत होता पण काल थांबला असेल, तर ‘हॅड बीन मेकिंग नॉइज सिन्स लास्ट वीक, बट इट स्टॉप्ड यस्टरडे’. मराठीत ‘येतोय’च्या जागी ‘येत होता’ आलं की इंग्रजीत ‘हॅज’चा ‘हॅड’ होतो.

‘फ्रॉम लास्ट वीक’ नेहमीच चूक असतं असं मात्र नाही. ‘द रिपोर्ट फ्रॉम लास्ट वीक’ म्हणजे गेल्या आठवड्यातला रिपोर्ट, हे अगदी बरोबर आहे. तिथे तो शब्दसमूह रिपोर्ट कुठला ते सांगतो, क्रियापदाशी त्याचा संबंध नाही. ‘फ्रॉम मंडे टू फ्रायडे’ आणि ‘फ्रॉम नेक्स्ट वीक’ हेही ठीक. अडचण फक्त मागे सुरू होऊन आत्तापर्यंत चालत आलेल्या गोष्टीत आहे. तसंच ‘यस्टरडे नाइट’ बोललात तर भारतात कुणाचा गैरसमज होत नाही, आणि त्यावरून कुणाला भर मीटिंगमध्ये हसणाऱ्याची मला आजही चीड येते. लेखी मजकूर बाहेरच्या माणसाकडे जाणार असेल तेवढा ‘लास्ट नाइट’ करा.

लॉगबुकात तर दोन्ही नकोत. ‘लास्ट नाइट’ लिहिणाऱ्याच्या सकाळपुरतं खरं असतं, चौकशी अधिकारी ते महिन्याने वाचतो. मी नंतर दुसऱ्या कंपनीत गेलो आणि आता माझ्या हाताखाली सहा शिफ्ट इनचार्ज आहेत. त्यांतले चार मराठी माध्यमाचे. ते नोंद मराठीत लिहितात आणि तीच पुढे जाते. इंग्रजी रिपोर्ट लागला तर लिहिणाऱ्याला शेजारी बसवून, पंप आत्ता आवाज करतोय का हे विचारून मी तो टाइप करतो. त्या 14 तारखेची नोंद आज केली असती तर अशी: ‘पंप बी ट्रिप्ड ॲट 01:40 ऑन द फोर्टीन्थ. बेअरिंग हॅज बीन मेकिंग नॉइज सिन्स द एट्थ. ग्रीज्ड ऑन द टेन्थ, नॉइज रिटर्न्ड आफ्टर वन शिफ्ट.’