सफरमैना : सफरही नाही, मैनाही नाही

प्रश्न : आमचे आजोबा खडकीच्या 'सफरमैना' पलटणीत होते. सैन्याच्या पुढे सफर करून पूल बांधणारे म्हणून हे नाव पडलं, असं वाचलं. खरं का? आणि पूल सोडून हे लोक लढाईत करतात तरी काय?

साफ चूक, आणि ही चूक इतक्यांदा छापून येते की वीट आलाय. 'सॅपर्स अँड मायनर्स' हे पलटणीचं नाव शिपायांच्या तोंडी घासून 'सफरमैना' झालं, बस्स. मायनर म्हणजे तटाखाली भुयार खणून दारू ठासणारा. त्यात अडण्यासारखं काही नाही.

खरी गंमत सॅपरमध्ये आहे. इटालियनमध्ये 'झाप्पा' म्हणजे कुदळ. तिच्यावरून फ्रेंचांचा 'साप', म्हणजे वेढा घालणाऱ्यांनी किल्ल्याकडे खणत नेलेला चर. तो सरळ नेला तर तटावरची तोफ त्याला लांबीभर झोडपते, म्हणून नागमोडी न्यायचा. सतराव्या शतकात फ्रान्सच्या व्होबाँनं या खोदाईला शिस्त लावली. चौघं एकामागे एक. पहिला दीड फूट रुंद, दीड फूट खोल खणणार, मागचे प्रत्येकी सहा-सहा इंच वाढवणार, की चौथ्याच्या मागे तीन फुटी चर तयार. शत्रूच्या अंगाला मातीनं भरलेल्या टोपल्या. जे विद्वान 'सॅपर'चं भाषांतर 'सुरुंगवाला' करतात, त्यांनी दोन वेगळे कामगार एकात कोंबले आहेत. माझ्या मते 'सॅपर'चा गाभा स्फोट नाही, गोळीबारात पुढे सरकत वाट करणं हा आहे.

पटत नसेल तर खडकीच्याच बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे बघा. कारवारजवळच्या चेंडियाचे. एप्रिल 1948, काश्मीरची लढाई, नौशेरा-राजौरी रस्ता. 8 तारखेला काम सुरू होण्याआधीच उखळी तोफांच्या माऱ्यात त्यांची दोन माणसं गेली, पाच जखमी झाली, त्यांत स्वतः राणे. तरी उरलेल्यांना घेऊन रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणायला घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तो तयार झाला. अर्धा मैल पुढे आडवी पाडलेली पाइनची झाडं. ती स्फोटानं उडवली, तर तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. मग उडवून दिलेली मोरी. तिथं दुरुस्तीत वेळ न घालवता बाजूनं वाट काढली. संध्याकाळी पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा मारा. झाडांना हात लावायच्या आधी सुरुंग काढणं भाग होतं, आणि उजेड संपत आला होता. तो अडथळा 10 तारखेला पहाटे पावणेपाचला पुन्हा हाती घेऊन साडेसहाला मोकळा केला. 11 तारखेला सकाळी अकराला वाटेवरच्या चिंगस गावापर्यंतचा रस्ता खुला झाला, आणि राणे रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता साफ करत होते. त्यांना परमवीरचक्र मिळालं.