ग्रेव्हीचा कांदा लवकर तपकिरी, पण करपू न देता

प्रश्न: मायार प्रक्रिया आणि कॅरमलायझेशन यात फरक काय? ग्रेव्हीचा कांदा परतायला माझा अर्धा-पाऊण तास जातो. आच वाढवली की कडा काळ्या होतात आणि मधला भाग पांढराच राहतो. लवकर कसा करायचा?

उत्तर: कॅरमलायझेशनमध्ये नुसती साखर तापून मोडते, तिथे प्रथिनांचा संबंध नाही. मायार प्रक्रियेत काही ठरावीक साखरा आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं एकमेकांशी जुळतात. १९१२ मध्ये लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. पावाच्या कवचाचा रंग आणि भाजलेल्या कॉफीचा वास बराचसा तिचाच. कांद्यात साखर बरीच आणि प्रथिनं थोडी, पण दोन्ही असल्यामुळे कढईत या दोन्ही गोष्टी बरोबरच चालतात. ग्रेव्हीला जी खमंग, जराशी मांसल चव येते ती मुख्यतः मायारची. गोडसर, टॉफीसारखी बाजू कॅरमलची.

तुमचा वेळ मात्र यातल्या कशातच जात नाही, तो पाण्यात जातो. कांदा जवळजवळ ८९ टक्के पाणी असतो, म्हणजे अर्धा किलो कांद्यात साधारण ४४० मिली. ते असेपर्यंत तुकड्यांचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. मायारला खरा वेग येतो १४० च्या आसपास, आणि साध्या साखरेचं कॅरमल व्हायला १६० च्या पुढे जावं लागतं. आच मोठी केली की तळाला टेकलेली कड आधी कोरडी होऊन जळते, आणि वरचे तुकडे अजून आपल्याच पाण्यात शिजत असतात.

म्हणून मी आधी कांदा वाफवते. ऐकायला उलटं वाटतं, पण पाण्यातून उष्णता सगळ्या तुकड्यांपर्यंत सारखी पोचते आणि मोठ्या आचेवरही कड जळत नाही. अर्धा किलो कांदा एकसारखा बारीक चिरून घ्या. जाड-बारीक चिरलात तर पुढचं सगळं फुकट. रुंद, जाड बुडाच्या कढईत कांदा, तीन टेबलस्पून तेल, पाव चमचा मीठ आणि अर्धा कप पाणी घालून झाकण ठेवा. मोठ्या आचेवर आठ-दहा मिनिटांत कांदा मऊ, पारदर्शक होतो. मग झाकण काढा आणि पाणी आटू द्या. या वेळी ढवळत बसायची गरज नाही, कानाने लक्ष ठेवा. खदखद थांबून तेलाची तडतड सुरू झाली की पाणी संपलं.

इथून आच मध्यम. कांदा पसरा, अर्धा मिनिट हात लावू नका, मग उलथा. तळाला तपकिरी खरवड दिसली की दोन चमचे पाणी शिंपडून ती कालथ्याने सोडवा. तो रंग विरघळून सगळ्या कांद्याला लागतो आणि तळ लगेच थंड झाल्याने करपणं टळतं. असं तीन-चारदा करा. माझ्या गॅसवर एकूण वीस-पंचवीस मिनिटं लागतात.

याहून घाई असेल तर सुरुवातीलाच खायचा सोडा घाला, पण एक चिमूट, अर्ध्या किलोला पाव चमच्याच्या निम्मा. तो अल्कधर्मी असल्याने मायार वेगाने होते आणि कांदा पार विरघळल्यासारखा मऊ पडतो. ग्रेव्हीत हे चालतं, पण बिर्याणीवर घालायच्या कुरकुरीत कांद्यात अजिबात नाही. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते. साखर घालायचा सल्लाही बरेच जण देतात. मला तो पटत नाही. रंग लवकर येतो हे खरं, पण तो रंग कॅरमलचा, खमंगपणा वाढत नाही, आणि इथे इंदुरात आधीच पोह्यांपासून भाजीपर्यंत साखरेचा हात जरा सढळच असतो.

टोमॅटो कांद्याचा रंग पक्का झाल्यावरच घाला. आधी घातला तर त्याचं पाणी तापमान खाली आणतं आणि आंबटपणाने मायार मंदावते. आलं-लसणाचं वाटणही कांदा सोनेरी झाल्यावर, कारण लसूण कांद्याच्या आधी करपतो.

बाजारात पावसाळ्यानंतर येणारा ताजा कांदा उन्हाळ्यात साठवलेल्या कांद्यापेक्षा पाणीदार असतो. तो आटायला पाच-सात मिनिटं जास्त लागतील, तेव्हा आच वाढवू नका. रंग हवा त्याच्या एक छटा आधीच टोमॅटो किंवा पाणी घाला, जाड कढई गॅस बंद केल्यावरही तापलेली राहते. एखाददुसरा काळा तुकडा वेचून टाकता येतो, पण बऱ्याच तुकड्यांना धुरकट, तिखट वास येत असेल तर तो कांदा टाकून द्या. दही-साय घालूनही तो कडवटपणा झाकला जात नाही.