परदेशातून गुरूंना ऑनलाइन तालमीसाठी ईमेल कशी लिहावी?

प्रश्न: मी अमेरिकेत ओहायोमध्ये एमएस करते. सांगलीला मध्यमा प्रथमपर्यंत गाणं शिकले, मग दोन वर्षं खंड पडला. पुण्यातल्या एका ताईंकडे ऑनलाइन शिकायची फार इच्छा आहे. ईमेल लिहायला बसते आणि अडते, कारण दर आठवड्याला जमेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तरी लिहू का? आणि कसं लिहू?

उत्तर:

लिही. मी पुण्यात ख्याल गायन शिकवते आणि अशा ईमेल मला दर वर्षी येतात, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, मुलं तिकडे पोचून थोडी स्थिरावली की. वयाने लहान आहेस म्हणून एकेरीत बोलते.

जी गोष्ट लिहायला तुला संकोच वाटतोय, तीच मी आधी शोधते. बहुतेक ईमेलमध्ये संगीतावरच्या प्रेमाबद्दल दोन परिच्छेद असतात आणि शेवटी ‘मी अगदी नियमित येईन’ हे एक वाक्य. त्या वाक्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. काही वर्षांपूर्वी असंच लिहिणाऱ्या एका मुलीला मी शनिवार संध्याकाळचा तास दिला. त्यासाठी इथल्या एका मुलाला दुसऱ्या दिवशी हलवलं. ऑक्टोबर उजाडला आणि तिच्या परीक्षा सुरू झाल्या. एकदा तास सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी निरोप, एकदा निरोपच नाही, आणि मग शरमेपोटी तिने लिहिणंच थांबवलं. तिची मेहनत कमी नव्हती. परीक्षा ऑक्टोबरमध्ये येणार हे तिला ऑगस्टमध्येच माहीत होतं, एवढं तिने मला सांगायला हवं होतं.

म्हणून ईमेलच्या आधी विद्यापीठाचं वेळापत्रक घेऊन बस आणि आठवडे मोज. ऑगस्टच्या शेवटापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत साधारण सोळा आठवडे मिळतात. त्यातला ऑक्टोबरमधल्या सहामाही परीक्षेचा एक काढ, डिसेंबरमधल्या शेवटच्या परीक्षांचे दोन काढ, आणि प्रकल्प किंवा आजारपणासाठी आणखी एक. उरले बारा. ‘सोळापैकी बारा तास नक्की, आणि सुटणारे तीन आठवडे आत्ताच सांगते’ असं कुणी लिहिलं तर मी हो म्हणण्याची शक्यता खूप वाढते, कारण त्या तीन आठवड्यांत ती वेळ मी दुसऱ्या कुणाला देऊ शकते.

रियाजाचंही तसंच. रोज एक तास लिहू नकोस. आठवड्यातले पाच दिवस तीस मिनिटं होणार असतील तर तेवढेच लिही. पातळ भिंतींची सदनिका असेल, खोलीत दुसरी मुलगी राहत असेल, तर तेही लिही. रात्री नऊनंतर खुल्या आवाजात तार षड्ज लावता येणार नाही हे मला आधी कळलं, तर मी तालमीत त्या वेळी मंद्र सप्तकातला अभ्यास ठेवेन. नाहीतर दबलेला आवाज ऐकून मला वाटत राहील की गळ्यातच काही दोष आहे.

आता वेळेचं बघ, कारण खरा घोळ तिथेच होतो. भारताचं घड्याळ वर्षभर एकच असतं, ओहायोचं वर्षातून दोनदा बदलतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तू माझ्या साडेनऊ तास मागे असतेस, उरलेल्या महिन्यांत साडेदहा तास. इथली शनिवार संध्याकाळची साडेसातची तालीम तुला आत्ता सकाळी दहाला पडेल, पण नोव्हेंबरात नऊला. जी मुलं दहाच धरून चालतात ती त्या शनिवारी इथल्या साडेआठला येतात, तेव्हा मी पुढच्या विद्यार्थ्याला शिकवत असते. हे माझ्याकडे एकाहून अधिक वेळा झालं आहे. त्यामुळे ईमेलमध्ये सगळ्या वेळा भारतीय घड्याळाने लिही, कंसात तुझी वेळ दे, आणि स्पष्ट सांग की तालमीची वेळ भारतीय घड्याळाने पक्की राहील, घड्याळ बदललं की मी माझं जुळवून घेईन.

वारही तपासून घे. इथली बुधवार पहाटेची साडेसहाची वेळ म्हणजे तुझ्याकडे मंगळवारची रात्र. ‘मंगळवारी जमेल’ एवढंच लिहिलंस तर ताई दुसराच दिवस धरतील. आणि एकच वेळ मागू नकोस, ‘तुम्हाला सोयीची असेल ती’ असंही म्हणू नकोस, कारण मग सगळं गणित ताईंनाच मांडावं लागतं. दोन पर्याय दे. (सकाळच्या रागाची तालीम तुझ्या रात्री आली तर चालेल का, हा प्रश्न ताईंवर सोड. मी शिकवताना समयाचं बंधन पाळत नाही, मैफलीत पाळते. काही गुरू तालमीतही पाळतात.)

ऑनलाइन तालमीची मर्यादा तुला कळली आहे हेही एका वाक्यात दिसू दे. आवाज इथून तिकडे जाऊन परत येईपर्यंत पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो, कधी जास्तही. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे पाव सेकंदात अर्धी मात्रा सरली. मी ठेका धरून तू त्यावर गाणं म्हणूनच शक्य होत नाही, एकत्र गाणंही नाही. मी जागा गाऊन दाखवायची, थांबायचं, मग तू म्हणायची. तानपुरा आणि तबल्याचं ॲप तुझ्याच बाजूला वाजलं पाहिजे. झूम वापरणार असशील तर आवाजाच्या सेटिंगमधलं `Original sound for musicians` चालू कर. एरवी सततचा तानपुरा त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि तो त्याला दाबून टाकतो. लांबवलेला षड्जसुद्धा मध्येच विरतो, आणि मला कळत नाही की तुझा श्वास तुटला की आवाज कापला गेला. इअरफोन वायरचे घे, ब्लूटूथमुळे उशीर आणखी वाढतो.

एक गोष्ट ईमेलच्या आधीची. सांगलीच्या तुझ्या गुरूंना फोन कर. खंड पडला म्हणून तुला अवघड वाटेल, तरी कर, आणि पुण्यात शिकायची इच्छा त्यांच्या कानावर घाल. नव्या ताईंना त्यांचं नाव कळेलच, कदाचित त्या फोनही करतील. त्यांना न सांगता आलेली मुलगी घ्यायला मी तरी कचरते.

समजा ताई शनिवारी आणि बुधवारी शिकवतात हे तुला कुणाकडून कळलं आहे. तर मला वाचायला आवडेल अशी ईमेल साधारण अशी असेल. विषयाच्या ओळीत लिही: ‘ऑनलाइन तालमीची विनंती – मध्यमा प्रथम, सध्या ओहायो’. मग:

> आदरणीय ताई,
>
> सादर नमस्कार. मी मूळची सांगलीची, सध्या ओहायोत एमएस करते आहे. सांगलीला (गुरूंचं नाव) यांच्याकडे सहा वर्षं शिकले आणि मध्यमा प्रथम झाले. गेली दोन वर्षं तालीम बंद आहे, रियाजही तुटक झाला. आपल्याकडे शिकण्याची इच्छा मी सरांना सांगितली आहे, त्यांची परवानगी आहे.
>
> आठवड्यातून एक तास ऑनलाइन शिकवाल का, अशी विनंती आहे. मला दोन वेळा जमतात: शनिवार संध्याकाळी ७.३० (माझी सकाळ १०) किंवा बुधवार सकाळी ६.३० (माझी मंगळवार रात्र ९). वेळ भारतीय घड्याळाने ठरलेली राहील. नोव्हेंबरमध्ये इथलं घड्याळ बदलल्यावर मी एक तास आधी बसेन.
>
> या सत्रात सोळा आठवडे आहेत. त्यातल्या बारा तालमींना मी नक्की येईन. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा आणि डिसेंबरचे पहिले दोन आठवडे परीक्षांमुळे जमणार नाहीत. याशिवाय एखादा तास चुकलाच तर आदल्या दिवशी कळवेन, आणि न कळवता चुकला तर त्याची फी धरावी. रियाज आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटं होईल. याहून जास्त आत्ता कबूल करत नाही, कारण ते पाळता येईल याची मला खात्री नाही. रात्री नऊनंतर शेजाऱ्यांमुळे खुला आवाज लावता येत नाही, म्हणून शनिवार मिळाला तर अधिक बरं.
>
> माझी पट्टी काळी चार आहे. तानपुरा आणि तबला माझ्या बाजूला लावेन. तालमीचं रेकॉर्डिंग आपली परवानगी असेल तरच, फक्त रियाजासाठी करेन. फी आई दर महिन्याच्या सुरुवातीला इथूनच, सांगलीहून, पाठवेल.
>
> सोबत तीन मिनिटांचं ध्वनिमुद्रण आहे: यमनची थोडी आलापी आणि मध्यलय बंदिश, कालच गायलेली. आधी दोन महिने शिकवून पाहावं आणि मग पुढचं ठरवावं, हेही मला मान्य आहे.
>
> आपली,
> (नाव)

यात एक चूक राहिली आहे, तुझ्या लक्षात आली का? आई सांगलीहून पैसे पाठवणार आणि मुलगी ओहायोत, तेव्हा ‘इथूनच’ हा शब्द गोंधळ करतो. तो काढून टाक. पाठवण्याआधी अशी ईमेल एकदा मोठ्याने वाच.

ध्वनिमुद्रणाबद्दल थोडं. दोन वर्षांपूर्वीच्या परीक्षेचं किंवा कार्यक्रमाचं चांगलं रेकॉर्डिंग पाठवायचा मोह होईल. पाठवू नकोस. मला आजचा गळा ऐकायचा असतो. षड्ज किती स्थिर लागतो, यमनचा तीव्र मध्यम आणि निषाद जागेवर येतात की खाली राहतात, समेवर येताना घाई होते का, एवढं तीन मिनिटांत कळतं. मोबाइलवर, तानपुरा मागे लावून, एकदाच म्हण आणि काहीही न कापता पाठव. खंडामुळे दम पुरत नसेल तर तो ऐकू येणारच आहे, आणि ईमेलमध्ये तू खंडाचं लिहिलंच आहेस, त्यामुळे दोन्ही एकमेकांशी जुळतील.

उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदाच आठवण कर. पुण्यात डिसेंबर-जानेवारी हा मैफलींचा हंगाम असतो, त्या दिवसांत माझ्याकडूनही उत्तरं राहतात. आणि ताईंकडे जागा नसेल तर त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या एखाद्या ज्येष्ठ शिष्येकडे सुरुवात करता येईल का, हे विचार. माझ्याकडच्या परदेशातल्या दोन मुली सध्या अशाच शिकतात, आणि दोन महिन्यांतून एकदा मी त्यांचा तास स्वतः घेते.