आधी तबला की आधी पेटी?

"ताई, मुलगा नऊ वर्षांचा आहे. दिवसभर टेबल, डबे, पाटी, काही ना काही बडवत असतो. म्हणून तबला आणायचा विचार आहे. पण घरात आजोबांची पेटी आहे, आणि सगळे म्हणतात आधी सूर पक्का करा. आधी कशाला बसवू?"

आई मुलाला घेऊनच आली होती. बोलणं चालू असताना तो माझ्या टेबलावर बोटं वाजवत होता, तेव्हा तिथूनच सुरुवात केली.

तालमशीनवर सोळा मात्रांचा तीनताल लावला, मिनिटाला साठ मात्रा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी दे म्हटलं. चार आवर्तनं छान गेली. मग नवव्या मात्रेला, म्हणजे खालीलाच, आवाज पूर्ण बंद केला आणि सांगितलं, मनात मोजत राहा आणि सम आली की टाळी दे. माझी चौदावी मात्रा चालू होती, त्याची टाळी पडली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तो पुढेच. आईला आश्चर्य वाटलं. मला नाही. बडवणं ही हाताची चुळबुळ असू शकते, लय नव्हे. टेबल वाजवणाऱ्या कितीतरी मुलांची लय अशी पळते, आणि आवाज चालू आहे तोवर ते झाकलं जातं.

मग पेटीकडे वळलो. घरी आईने पट्ट्यांवर सा, रे, ग असे कागद चिकटवले होते, पांढरी एकपासून, आणि मुलगा भूपाचा आरोह झरझर वाजवायचा. मी गायला लावलं, तर खालचा सा घशात अडकत होता. त्याच्या गळ्याला पांढरी दोन सोयीची होती. म्हटलं, आता हा तुझा सा, इथून सा रे ग वाजव. तो पांढऱ्यांवरूनच चालत गेला, दोन, तीन, चार. पांढरी चार दाबली आणि थांबला. तोंड वाकडं केलं. "हे रडकं वाटतंय."

बरोबर होतं त्याचं. पांढरी दोन सा धरला की शुद्ध ग काळी तीनवर येतो, पांढरी चारवर कोमल ग. कागदांवर भरवसा ठेवून बोट चुकलं होतं, पण कानाने ती चूक पकडली. दोन-तीन पट्ट्या चाचपून काळी तीन त्यानेच शोधली.

म्हणून मी पेटी आधी म्हटलं. पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तबल्याचे गुरुजी आठवड्यातून एकदा येणार होते, उरलेले सहा दिवस मुलगा एकटाच. तबल्यावर 'ना' काढताना तर्जनी चाटीवर पडते आणि अनामिका शाईच्या कडेशी हलकी टेकलेली असते. ती जरा जास्त दाबली की नाद मरतो, ठप्प असा आवाज येतो. नवशिक्याला वाटतं, तबला असाच वाजतो. सहा दिवसांत तोच हात बसतो आणि नंतर सोडवायला महिने जातात. शिवाय दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, सुरातून उतरला तर नऊ वर्षांच्या मुलाने तो हातोडीने मिळवायचा कसा? पेटी मिळवावी लागत नाही, आणि चुकलेला सूर आईला स्वयंपाकघरातूनही कळतो. तबल्यावरचा चुकीचा निकास त्या घरात कोणालाच कळला नसता.

घरी गुरू रोज बसत असता, किंवा आवाज बंद केल्यावरही मुलाची टाळी समेवर पडली असती, तर मी तबला सांगितला असता. सूर आधीच हवा, असा माझा हट्ट नाही.

करायचं एवढंच ठरलं. कागद काढून टाकायचे. एका बोटाने सा धरून ठेवायचा, पुढचा सूर आधी गळ्यातून काढायचा, मग पट्टीवर शोधायचा. उलट क्रम चालणार नाही, कारण पट्टी दाबली की सूर आयता मिळतो आणि कान आळशी होतो. आणि रोज दहा मिनिटं तबल्याविना ताल: हाताने टाळी-खाली दाखवत "धा धिं धिं धा" तोंडाने म्हणायचं, मधल्या आठ मात्रा मनात.

पहिला महिना जड गेला. झरझर वाजवणारा मुलगा एकदम अडखळायला लागला आणि आईचा फोन आला, "हा मागे गेलाय का?" गेला नव्हता. आधी बोटं वाजवत होती, आता तो शोधत होता. भात्याचंही एक निघालं. पेटी उंच पाटावर होती, डावा खांदा वर जायचा आणि सूर धापा टाकायचे. पेटी खाली घेतल्यावर तेवढं सुटलं.

टाळी समेवर पडायला पाच महिने लागले. मग तबला आला. दायां मिळवताना गुरुजी हातोडी मारतात आणि हा पेटीवर सा धरून सांगतो, "अजून थोडा वर." डग्ग्यावरचा हात मात्र अजून जडच पडतो.