सातवीच्या वर्गाचा डीएमएफटी १.३ : 'कमी' म्हणजे कोणाचा कमी?

प्रश्न: आमच्या पालिका शाळेत (कुर्ला) सातवीच्या ३० मुलांची दाततपासणी झाली. रिपोर्टमध्ये डी ३५, एम १, एफ ३, सरासरी डीएमएफटी १.३, श्रेणी 'कमी' असं लिहिलंय. मी व्यवस्थापन समितीत आहे. म्हणजे काळजी नाही ना? की पाण्यात फ्लोराइड टाकायची मागणी करायची?

उत्तर:

काळजी आहे, आणि ती तुमच्याच रिपोर्टमध्ये दिसतेय, फक्त सरासरीच्या आकड्यात नाही. मी पब्लिक हेल्थवाली डेंटिस्ट आहे, मुंबईतल्या शाळांमधून असल्या तपासण्या करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

डीएमएफटी म्हणजे एका मुलाच्या तोंडात कायमचे किती दात किडलेत तो डी, किती किडीमुळे काढावे लागलेत तो एम आणि किती भरलेत तो एफ, या तिघांची बेरीज. १९३८ साली अमेरिकेत हेगर्सटाऊन गावच्या शाळकरी मुलांवरच्या कामातून हा इंडेक्स आला आणि अजून जगभर तोच चालतो. १२ वर्षांच्या मुलांसाठी डब्ल्यूएचओने १.२ ते २.६ ला 'कमी' म्हटलंय, म्हणून तुमचा १.३ तिथे जाऊन बसला, यात रिपोर्टवाल्यांची काही चूक नाही. पण आता ते तीन आकडे वेगवेगळे बघा. ३९ पैकी ३५ दात किडलेले आणि तसेच पडून आहेत, भरलेले फक्त ३, म्हणजे शंभरातले आठसुद्धा नाहीत. जिथे मुलांना वेळेवर डॉक्टर मिळतो तिथे हाच १.३ बराचसा एफचा असतो. तुमच्याकडे तो जवळजवळ सगळा डीचा आहे, म्हणजे या वर्गातलं कोणतरी आत्ता, आज, एका बाजूने चावून डबा खातंय.

दुसरी गोष्ट सरासरीची. मुलानिहाय यादी तुम्ही दिली नाहीये पण ती शाळेकडून नक्की मागून घ्या, तोवर मी एक वाटणी करून दाखवते, बेरीज तुमचीच ठेवलीय. समजा १६ मुलांचे दात अगदी स्वच्छ, शून्य. चौघांचा एकेक, तिघांचे दोन-दोन, तिघांचे तीन-तीन, दोघांचे चार-चार आणि दोघांचे सहा-सहा. झाले ३९ दात, ३० मुलं. आता सगळ्यात जास्त कीड असलेली वरची एक तृतीयांश मुलं घ्या, म्हणजे १० जण. त्यांचे दात १२ आणि ८ आणि ९ आणि ६, एकूण ३५, म्हणजे या दहा जणांची सरासरी ३.५. याला सिग्निफिकंट केरीज इंडेक्स म्हणतात, २००० साली ब्राटहॉल नावाच्या डेंटिस्टने तो सुचवला तो याच कारणासाठी, की कीड सगळ्यांना सारखी लागत नाही, थोड्या मुलांच्या तोंडात साचते आणि सरासरी ते झाकून टाकते. १२ व्या वर्षी हा आकडा ३ च्या खाली असावा असं त्याने उद्दिष्ट ठेवलं होतं. आपल्या उदाहरणात वर्ग 'कमी' श्रेणीत आहे आणि तरी या उद्दिष्टात नापास आहे. तुमच्या खऱ्या यादीत अशी सहा-सहा दात किडलेली मुलं निघाली तर त्यांना कॅम्पची वाट बघायला लावू नका, सीएसएमटीजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात नाहीतर मुंबई सेंट्रलला नायर डेंटलला पाठवा, आणि पालकांना चिठ्ठी देऊन भागत नाही, कोणीतरी सोबत जा.

हे सगळं तपासणी नीट झाली असेल तरच. एक दात कसा मोजतात ते सांगते. आरसा आत घालायचा, दाढ कापसाने पुसून कोरडी करायची, हेडलॅम्प नाहीतर व्हरांड्यातला भरपूर उजेड. हातातल्या प्रोबच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची बारीक गोळी असते, टोकदार सुई नाही, कारण सुई दाबली तर नुकतीच मऊ पडायला लागलेली जागा तिनेच फुटते. दाढेच्या खाचेत तपकिरी रेघ आहे पण गोळी कडक जागेवरून सरकून जातेय, तर तो डाग, डी नाही. शेजारच्या दाढेत कड आतून पोखरून करडी दिसतेय आणि गोळी आत रुतते, तो डी. अजून खड्डा नाही, नुसता पांढरा खडूसारखा ठिपका आहे, तर तोही या पद्धतीत मोजत नाहीत. म्हणजे सुरुवातीची कीड डीएमएफटीत येतच नाही, आकडा नेहमी उशिराचं चित्र दाखवतो. भरलेल्या दाताला परत कीड लागली असेल तर तो एफ नाही, डी. बाराव्या वर्षी काही दात अजून यायचे असतात, ती रिकामी जागा एम नाही, आणि क्रिकेटचा बॉल लागून पडलेला किंवा तार लावायला काढलेला दातही एम नाही. उरलेले दुधाचे दात यात धरायचे नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा असतो. तपासणाऱ्यांना एवढंच विचारा की काही मुलं दुसऱ्यांदा तपासून स्वतःचाच निकाल जुळतोय का ते पाहिलं होतं का. ते पाहिलं नसेल तर १.३ आणि १.१ मधला फरक धरून बसू नका.

एक मुंबईतलं खास. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांतून आलेल्या मुलांच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. ते फ्लोरोसिसचे, म्हणजे तिथल्या बोअरच्या पाण्यात जास्त असलेलं फ्लोराइड लहानपणी दात तयार होताना पोटात गेल्याचे. ती कीड नाही आणि घाईत ती डीमध्ये गेलेली मी पाहिलीय.

आता पाण्याचं. मुंबईचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा वगैरे धरणातलं, पावसाचं साठलेलं, त्यात फ्लोराइड अगदी कमी असतं. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स या अमेरिकन शहरात पहिल्यांदा पाण्यात साधारण १ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम, फ्लोराइड मिसळलं आणि मुलांची कीड खरंच खूप कमी झाली, हे खरं आहे. पण आपल्या देशात अनेक जिल्ह्यांत उलटा प्रश्न आहे, पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंतच हवं, दुसरा पर्याय नसेल तर १.५ पर्यंत चालेल असं भारतीय मानक सांगतं आणि सरकारचा सगळा जोर फ्लोराइड काढण्यावर आहे. मुंबईत रोज ३८०० दशलक्ष लिटरच्या वर पाणी सुटतं, त्यातलं बहुतेक धुण्या-भांड्यात आणि फ्लशमध्ये जातं, वर घरोघरी आरओ, तो फ्लोराइड काढूनच टाकतो, आणि कितीतरी वस्त्या टँकरवर. त्या मागणीत तुमच्या समितीने ताकद घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय फ्लोराइडचं मुख्य काम पोटात जाऊन होत नाही, दाताच्या पृष्ठभागावर होतं. गोड खाल्लं की दातावरच्या थरातले जंतू ॲसिड करतात, दातातलं कॅल्शियम सुटतं, मग लाळ ते परत बसवते, आणि तेव्हा तोंडात थोडं फ्लोराइड असेल तर बसलेला थर आधीपेक्षा चिवट होतो. म्हणून थोडं थोडं, रोज, दातावर हवं. चहातही फ्लोराइड असतं बरं का, पत्तीतून येतं, पण आपल्या मुलांच्या चहात साखर आणि सोबत बुडवून बिस्कीट, त्यामुळे त्याचा फायदा धरू नका.

रोज दातावर लागणारं फ्लोराइड म्हणजे टूथपेस्ट. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. ट्यूबच्या मागे 'सोडियम फ्लोराइड' किंवा 'सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट' लिहिलंय का बघा. लाल दंतमंजन आणि बऱ्याच आयुर्वेदिक पेस्टमध्ये ते नसतं, मिश्रीत तर तंबाखू असते. आता पहिलीचा वर्ग घ्या, सातवीचा नाही, कारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ गुपचूप येते आणि घरी सगळ्यांना वाटतं ही पण दुधाचीच, पडेल. तुमच्या ३५ किडलेल्यांपैकी बहुतेक याच दाढा निघतील. पहिलीच्या ३० मुलांना शाळेत रोज वाटाण्याएवढी पेस्ट द्या, ती पाव ग्रॅम होते, त्यात फ्लोराइड पाव मिलिग्रॅम. वर्गाची दिवसाला साडेसात ग्रॅम, शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला दीड किलो, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या दहा ट्यूब. एवढा खर्च समितीला जड नाही. ट्यूब ब्रशला लावायची नाही, एका ताटलीच्या कडेने ठिपके काढायचे आणि प्रत्येकाने आपल्या ब्रशवर आपला ठिपका उचलायचा. घासून झाल्यावर थुंकायचं, चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर लावलेलं फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. शिक्षकांना हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते कारण आपल्याला चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटतच नाही. फिलिपाइन्सच्या सरकारी शाळांत आणि स्कॉटलंडच्या बालवाड्यांत असं रोजचं सामूहिक ब्रशिंग चालतं. रात्रीचं ब्रशिंग मात्र घरीच, ते पालकसभेत सांगावं लागेल.

यावर जोड म्हणून डेंटल कॉलेजची टीम वर्षातून दोनदा बोलवून फ्लोराइड व्हार्निश लावून घ्या. दात गॉझने पुसायचे, ब्रशने पिवळसर थर फिरवायचा, एका मुलाला काही मिनिटं. त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं, म्हणून ते प्रशिक्षित माणसानेच, मोजून लावायचं, आणि त्या दिवशी कडक खायचं नाही की घासायचं नाही. अर्धवट उगवलेल्या दाढांच्या खोल खाचांवर ग्लास आयोनोमरचं सीलंट, म्हणजे खाच बुजवणारा थर, बसतं, तेही त्याच दिवशी विचारा. किडलेल्या दुधाच्या दातांना सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं औषध सुचवलं तर कीड थांबते पण ती जागा कायमची काळी पडते, पालकांना आधी फोटो दाखवून सही घ्या, नाहीतर पुढच्या वेळी कोणी मुलाला पाठवणार नाही.

आणि हे सगळं केल्यावर सातवीच्या याच मुलांचा डीएमएफटी खाली येईल अशी वाट बघू नका, तो खाली येतच नाही. ३५ च्या ३५ दात भरले तरी डी शून्य, एफ ३८, एम १, बेरीज परत ३९ आणि सरासरी परत १.३. कोणी सभेत म्हणेल की खर्च करून काही फरक पडला नाही, तेव्हा त्यांना डी आणि एफ वेगळे दाखवा. प्रतिबंधाचा फरक बघायचा तर आत्ताच, काही सुरू करायच्या आधी, तिसरीच्या मुलांच्या फक्त चार पहिल्या कायमच्या दाढा तपासून लिहून ठेवा. आजची पहिली दोन वर्षांनी तिसरीत आली की त्याच डॉक्टरकडून, त्याच उजेडात, त्याच चार दाढा मोजा आणि दोन्ही तिसऱ्या शेजारी ठेवा.