ती प्रत्येक वेळी जोक मारते, मग पुढे बोलू की थांबू?

"ट्रेकिंगच्या ग्रुपमधली एक मुलगी मला सहा-सात महिन्यांपासून आवडते. मी काही सूचक बोललो की ती हसते, त्यावर काहीतरी जोक मारते आणि विषय बदलते. हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आता जरा धीट होऊन पुढे जाऊ, की थांबू? मैत्री मोडायला नको आहे."

पुण्यातला २८ वर्षांचा एक तरुण हा प्रश्न घेऊन आमच्याकडे सल्ल्यासाठी आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) येताना त्याने मोबाइलमधले संवाद दाखवायची तयारी केली होती. ते आम्ही पाहिले नाहीत, कारण त्या मुलीने तिचे निरोप तिसऱ्या माणसाला वाचू द्यायला होकार दिलेला नव्हता. त्याऐवजी त्याला कागदावर तीन रकाने आखायला सांगितले: आपण काय बोललो, तिने काय उत्तर दिलं आणि त्यानंतरच्या पाच-दहा मिनिटांत काय झालं. शेवटचे दहा प्रसंग आठवतील तसे लिहायचे होते.

त्याचं सगळं लक्ष दुसऱ्या रकान्यावर होतं. तिचे जोक त्याला पाठ होते आणि त्यांत काही दडलंय का, हे तो शोधत बसायचा. पण खरी माहिती तिसऱ्या रकान्यात असते. "तुझ्याशिवाय राजगड ओका वाटला," असं तो म्हणाला होता. "बालेकिल्ला चढताना माझी बॅग धरायला लागली नाही, म्हणून तसं वाटलं असेल," असं तिचं उत्तर आलं आणि लगेच तिने विचारलं, "पण वर ढग होते का? फोटो टाक ना." इथे बोलणं चालू राहिलं. दुसरा प्रसंग: "आज फारच छान दिसतेस." उत्तर, "चष्म्याचा नंबर तपासून घे." पुढे काही नाही, आणि ती दुसऱ्या मैत्रिणीशी बोलायला वळली. तिसरा: "आपलं दोघांचं छान जमतं, नाही?" उत्तर, "हो, ग्रुपमध्ये उशिरा उठणारे आपण दोघंच." पाठोपाठ शनिवारच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा विषय.

कागद भरल्यावर एक गोष्ट त्याच्याच लक्षात आली. विषय ट्रेकचा, फोटोंचा किंवा घरचा असला की ती जोक करूनही बोलणं लांबवत होती. विषय दोघांमधल्या नात्यावर आला की जोकनंतर बोलणं तिथेच संपत होतं. दहापैकी सात वेळा असं झालं होतं. विनोद दोन्हीकडे होता, पण एक विनोद चेंडू परत देणारा होता आणि दुसरा हळूच दार ओढून घेणारा.

काही माणसं नाजूक विषय आला की सवयीनेच विनोद करतात, मग समोर कोणीही असो. ही शक्यता तपासायची तर ती इतरांशी कशी वागते ते आठवायचं. जवळच्या मैत्रिणीने रडवेल्या आवाजात काही सांगितलं, तर ती तिथेही विनोद करते का? त्याने विचार केला आणि म्हणाला, नाही, तिथे ती नीट ऐकून घेते. म्हणजे विनोद हा तिचा सरसकट स्वभाव नव्हता. तो एका ठरावीक विषयापुरता होता.

धीट होण्याबद्दलच्या त्याच्या प्रश्नात एक गफलत होती. ओळी आणखी रंगवायच्या, इशारे आणखी उघड करायचे, असा तो धीटपणाचा अर्थ घेत होता. यातून उत्तर मिळत नाही, कारण अजून प्रश्नच विचारलेला नसतो. सूचक बोलणं स्वतःच अर्धा विनोद असतं. समोरच्याला ते आवडलं नाही तर "अगं, मजा करत होतो" म्हणून मागे फिरायची सोय त्यात असते. मग तिनेही तशीच सोय ठेवून उत्तर दिलं तर ते साहजिक आहे. आपली ओळ जितकी भडक, तितकाच तिचा जोक मोठा होतो आणि दोघंही जागच्या जागी राहतात. हातावर टाळी देणं, खांद्यावर हात ठेवणं अशा मार्गाने 'अंदाज घेणं' तर बिलकुल नको. शब्दांना बगल देता येते, स्पर्शाला तशी देता येत नाही.

तिने "नाही" म्हटलेलं नाही, या गोष्टीवर तो फार भर देत होता. सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या संशोधकांनी १९९९ मध्ये नकाराबद्दल जे मांडलं, ते इथे त्याला सांगितलं. रोजच्या बोलण्यात माणसं उघड "नाही" क्वचित वापरतात. ती थांबतात, अडखळतात, कारण देतात, आधी गोड बोलतात, आणि ऐकणाऱ्याला तो नकार बरोबर कळतो. चहाला बोलावल्यावर "अरे वा, पण आज जरा..." एवढं ऐकलं तरी आपल्याला पुढचं समजतं. मग फक्त प्रेमाच्याच बाबतीत स्पष्ट शब्दांचा हट्ट का धरायचा?

त्यात तिची जागाही पाहायला हवी. एकाच ग्रुपमध्ये, एकाच गाडीने महिन्यातून दोनदा जाणाऱ्या मुलीला तोंडावर नकार देणं महागात पडू शकतं. कोणी म्हणतं भाव खाते, कोणी म्हणतं मग इतकं हसून कशाला बोलायची. ग्रुपची दोन टोकं होतात. जोक मारला की कोणाचाच अपमान होत नाही आणि पुढचा ट्रेकही शाबूत राहतो. हे मनाशी नीट बसल्यावर "ती मला खेळवतेय" हा त्याचा राग बराच उतरला.

तरी आमच्यासमोर चित्र शंभर टक्के साफ नव्हतं. गेल्या चार आठवड्यांत संभाषण कोणी सुरू केलं हे त्याने मोजलं, तर जवळपास निम्म्या वेळा तिने केलं होतं. दोघांनीच भेटायचं मात्र तिने एकदाही सुचवलं नव्हतं, आणि त्याने आडून सुचवलं तेव्हा एकदा ती मैत्रिणीला घेऊन आली होती. अशा वेळी दोन रस्ते उरतात: गुपचूप मागे सरायचं, किंवा एकदाच सरळ विचारायचं. तो म्हणाला, न विचारता मागे सरलो तर वर्षभर मनात घोळत राहील. म्हणून विचारायचं ठरलं, पण त्याआधी दोन आठवडे एकही सूचक ओळ बोलायची नाही, असं पथ्य ठेवलं. त्या ओळी काढल्यावर मागे काय उरतं, ते त्याने पाहावं हा उद्देश होता.

उरलं ते चांगलं होतं. ती मोकळी झाली, वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल तिने आपणहून सांगितलं. हे ऐकवताना त्याचा चेहरा उजळला, "बघा, जवळ येतेय." इथे त्याला थांबवावं लागलं. मुलींच्या साध्या आपुलकीत पुरुषांना प्रत्यक्षापेक्षा जास्त ओढ दिसते, हे मानसशास्त्रज्ञ अँटोनिया अॅबी यांनी १९८२ मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं. सूचक बोलणं बंद झाल्यावर ती मोकळी झाली, याचा जास्त सरळ अर्थ असा होतो की तिच्या डोक्यावरचा एक ताण गेला.

मग विचारायचा मजकूर. त्याचा पहिला खर्डा चौदा ओळींचा होता. त्यात "तू माझ्यासाठी सगळं आहेस" होतं आणि शेवटी "नाही म्हणालीस तरी मी वाट बघेन" होतं. पहिल्या वाक्याने तिच्यावर ओझं पडतं, दुसऱ्याने तिच्या नकाराला किंमतच उरत नाही. दोन्ही काढली. शेवटी राहिलं ते इतकंच: "मला तू आवडतेस, म्हणून विचारतोय. रविवारी सकाळी आपण दोघंच नाश्त्याला भेटू या का? नको असेल तर सरळ नको म्हण, ट्रेकला आपण आहोत तसेच राहू." यात तीन गोष्टी आहेत: भेटीचा हेतू, ठरावीक दिवस आणि सहज बाहेर पडायची वाट. इमोजी नाही, विनोद नाही.

कुठे विचारायचं यालाही महत्त्व आहे. गडावर नको, परतीच्या गाडीत नको, कारण तिथून तिला उठून जाता येत नाही. चारचौघांत, वाढदिवसाला किंवा रात्री बाराला नको. तिला चेहरा सांभाळत तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागू नये म्हणून त्याने निरोप पाठवायचं ठरवलं, तोही संध्याकाळी सातच्या सुमारास.

उत्तर कसं वाचायचं तेही आधीच लिहून ठेवलं, कारण नंतर मन सोयीचं वाचतं. "या रविवारी नाही, पुढच्या शनिवारी चालेल?" हा होकार. "बघू", "जमलं तर सांगते", आणि दुसरा दिवस सुचवलेला नाही, हा नकार. तीन-चार दिवस उत्तरच नाही, तोही नकार, "वाचलंस का?" असं विचारायचं नाही. आणि सरळ प्रश्नावर पुन्हा जोक आला, तर तोही नकारच. आता तिला मोकळेपणाने उत्तर द्यायची जागा दिलेली आहे. ती तिने घेतली नाही, यातच उत्तर आलं.

तासाभरात उत्तर आलं: "अरे बापरे, आता नाश्त्यालाही ट्रेक लीडर लागतो का!" आणि पुढे शांतता. दुसऱ्या दिवशी तो फोनवर म्हणत होता, ती लाजतेय, मी आणखी एकदा समजावून सांगू का? त्याला त्याचाच कागद वाचून दाखवला. त्याने लिहिलं, "ठीक आहे, समजलं. हरिश्चंद्रगडाला भेटू." दोन दिवसांनी तिचा निरोप आला: "थँक्स. मला नीट सांगता येत नव्हतं. मित्र म्हणून तू हवा आहेस."

हा निरोप आला नसता, तरी तिथेच थांबायचं होतं. स्पष्ट अनिच्छा दिसूनही एखाद्या स्त्रीशी पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली पाठलागाचा गुन्हा ठरू शकतो (१ जुलै २०२४ आधी भारतीय दंड संहितेचं ३५४ ड). ओळख ऑफिसातली असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही लागू होतो. सामायिक मित्राकडून "जरा तिचं मन बघ ना" असं करवून घेणं हाही तोच प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून पुन्हा विचारणं आहे.

हरिश्चंद्रगडाला तो गेला नाही, त्यानंतरच्या ट्रेकलाही नाही. हे आम्हीच सुचवलं होतं. रुसून गाडीत तोंड फिरवून बसण्यापेक्षा "या वेळी जमत नाही" असं ग्रुपवर टाकणं दोघांनाही सोपं जातं. तिसऱ्या ट्रेकआधी त्याने विचारलं, आता तिच्याशी थट्टामस्करी करायची की नाही? करायची, पण ग्रुपमधल्या कोणाशीही, अगदी स्वयंपाकाचा डबा सांभाळणाऱ्या काकांशीही करता येईल, तेवढीच.